मालवणी मसाल्याच्या दुसऱ्या खेपेस झालेल्या विलंबाबद्दल दिलगिरी आणि वाटपाची नवी तारीख

कुडाळ, दि. ३० मे २०२५

डोंबिवली मसाला ग्रुपमधील सर्व ताई, वहिनी, काका आणि काकूंना सप्रेम नमस्कार.

उद्या, शनिवार दि. ३१ मे रोजी, ३१ घरांचा मिळून ५४ किलो मालवणी मसाला आपल्या हाती देण्याचे मी कबूल केले होते. तो मसाला उद्या येणार नाही. आता तो रविवार, दि. १५ जून २०२५ रोजी सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत, नेहमीच्याच ठिकाणी मिळेल. या पंधरा दिवसांच्या विलंबाबद्दल मी आपणा सर्वांची मनापासून क्षमा मागते. एप्रिलमध्ये ज्या २७ घरांना पहिल्या खेपेचा मसाला मिळाला, त्यांच्या मागणीचा याच्याशी संबंध नाही.

नेमके काय घडले, हे आपल्याला कळायला हवे. दुसऱ्या खेपेसाठी बेडगी, संकेश्वरी आणि लवंगी मिळून ४० किलो मिरची १६ मे रोजी माझ्याकडे पोहोचली. १७ आणि १८ तारखेला देठ काढून झाले आणि १९ तारखेला मिरची खळ्यात उन्हाला घातली. त्या एका दिवसाचेच ऊन मिळाले. २० तारखेपासून आभाळ भरून आले आणि पाऊस सुरू झाला. मिरची आम्ही पडवीत ओढून वर ताडपत्री घातली होती, परंतु २१ तारखेच्या रात्री वाऱ्याने ताडपत्रीची एक बाजू सुटली आणि कडेची सुमारे १२ किलो मिरची भिजून गेली. ती भिजलेली मिरची मी दुसऱ्याच दिवशी टाकून दिली. तिचा दाणाही मसाल्यात जाणार नाही. उरलेली २८ किलो मिरची घरात माळ्यावर आणून पसरली. ती भिजलेली नाही, मात्र हवेतल्या दमटपणाने नरम पडली आहे. पुढे २५ मे रोजी मान्सून तळकोकणात दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले आणि ऊन मिळण्याची आशा संपली.

पाऊस लवकर आला हे खरे असले, तरी सगळा दोष पावसावर ढकलणे मला योग्य वाटत नाही. मृग लागण्याआधी मसाला बरणीत गेला पाहिजे, हे आमच्याकडे प्रत्येक घरात माहीत असते, आणि म्हणूनच मिरची वाळवण्याचे काम मार्च-एप्रिलमध्ये उरकले जाते. मी मात्र पहिली खेप आटोपल्यावरही मागणी घेत राहिले, आणि बेडगीचा भाव थोडा उतरेल या आशेने दुसऱ्या खेपेची खरेदी मेच्या मध्यापर्यंत लांबवली. ती खरेदी एप्रिलच्या अखेरीस केली असती, तर आज हे पत्र लिहावे लागले नसते. माझ्या खळ्यात एका वेळी जेवढी मिरची नीट वाळू शकते, त्याचा अंदाज असूनही मी उशिरापर्यंत शब्द देत गेले, ही माझी चूक आहे.

दुसरी चूक मला अधिक सलते आहे. मिरची भिजली हे मला २२ तारखेला सकाळीच कळले होते. उद्या ऊन पडेल, परवा काहीतरी मार्ग निघेल, असे मनाशी म्हणत मी आठ दिवस गप्प राहिले आणि आज, कबूल केलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी, आपल्याला सांगते आहे. या आठ दिवसांत ग्रुपवर दोघींनी ‘शनिवारी नक्की ना?’ असे विचारले होते. त्यांना मी ‘तयारी चालू आहे’ एवढेच उत्तर दिले. ते उत्तर अपुरे होते आणि त्यामुळे आपली दिशाभूल झाली. त्या दोघींची मी विशेष क्षमा मागते.

तशीच मिरची कांडून उद्या मसाला आणता आला असता का, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल, म्हणून त्याबद्दलही लिहिते. नरम मिरची कांडपात घातली तर ती बारीक न होता चिकटते, यंत्र तापते, रंग काळपट पडतो, आणि मुख्य म्हणजे असा मसाला पावसाळ्याच्या हवेत टिकत नाही. वरून लालभडक दिसणाऱ्या मिरचीच्या आत, बियांभोवती, बुरशी धरते आणि ती कांडल्यावर डोळ्यांना दिसत नाही. मिरचीत ११ टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा, असा अन्नसुरक्षेचा नियमच आहे. माझी आई मिरची हातात घेऊन मोडायची, आणि ती कडकन मोडून आतल्या बिया खुळखुळल्या तरच ती पुढच्या कामाला घ्यायची. आज माळ्यावरची मिरची मोडायला गेले तर ती वाकते. वर्षभर आपल्या मुलाबाळांच्या ताटात जाणारा जिन्नस मी या अवस्थेत कांडून देणार नाही, मग त्यासाठी आपला राग पत्करावा लागला तरी चालेल.

आता पुढच्या कामाविषयी. शेजारच्या गावात कोकम आणि आमसुलांवर प्रक्रिया करणारे एक केंद्र आहे, तिथे विजेवर चालणारा ड्रायर आहे. सध्या त्यांचाच कोकमाचा हंगाम असल्यामुळे त्यांनी मला ४, ५ आणि ६ जून असे तीन दिवस दिले आहेत. एका वेळी सुमारे १५ किलो मिरची त्यात मावते, म्हणजे रोज एक याप्रमाणे तीन घाण्यांत काम होईल. आमसुलांचा आंबटपणा लागू नये म्हणून ट्रे धुऊन, पुसून, कोरडे करूनच मिरची पसरली जाईल, आणि ते काम मी स्वतः उभी राहून करून घेणार आहे. टाकून दिलेल्या मिरचीच्या जागी १४ किलो नवी मिरची कोल्हापूरहून २ जूनला येते आहे. ७ आणि ८ जूनला मिरची, धने, बडीशेप, खसखस, लवंग, दालचिनी, दगडफूल, जायपत्री असा एकेक जिन्नस वेगवेगळा भाजला जाईल, ९ तारखेला सकाळी कांडपाचा पहिला नंबर माझा आहे, १० तारखेला मसाला पूर्ण निवल्यावर चाळला जाईल आणि ११ तारखेला पिशव्या भरल्या जातील. शुक्रवार, १३ जूनच्या रात्रीच्या गाडीने माल निघेल. १२ आणि १४ हे दोन दिवस मी मुद्दाम मोकळे ठेवले आहेत, कारण पावसात आमच्याकडे वीज जाते आणि घाटात गाडीही अडकू शकते. या वेळी तारीख देताना आशेवर विसंबायचे नाही, असे मी ठरवले आहे.

एक गोष्ट आपल्याला आधीच सांगणे माझे कर्तव्य आहे. आपण मागणी नोंदवली तेव्हा मी ‘उन्हात वाळवलेल्या मिरचीचा मसाला’ असे म्हटले होते. या खेपेची मिरची मुख्यतः ड्रायरमध्ये वाळलेली असेल. २८ तारखेला त्या केंद्रात एक किलो मिरची वाळवून, घरी थोडासा मसाला करून, त्यात काळ्या वाटाण्याचे सांबारे करून पाहिले. रंग आणि तिखटपणा नेहमीसारखाच आला, वासात मला किंचित फरक जाणवला. घरातल्या इतरांना तो जाणवला नाही, पण मला जाणवला, म्हणून सांगते. ज्यांना उन्हातलाच मसाला हवा असेल, त्यांनी निःसंकोच मागणी रद्द करावी. पुढच्या वर्षी मार्चमधल्या पहिल्या खेपेत त्यांचे नाव सर्वांत आधी घेईन.

मागणी रद्द करण्यासाठी कारण सांगण्याची गरज नाही. गुरुवार, ५ जूनच्या रात्रीपर्यंत मला स्वतंत्र संदेश पाठवावा, म्हणजे किलोमागे घेतलेली ५०० रुपयांची आगाऊ रक्कम दुसऱ्या दिवशी यूपीआयने पूर्ण परत केली जाईल. जे थांबणार आहेत त्यांच्यासाठी भाव ठरल्याप्रमाणे ९८० रुपये किलो हाच राहील. नव्या मिरचीचा आणि ड्रायरचा खर्च माझा आहे. प्रत्येक घराकडून घेतले जाणारे ४० रुपये पोहोच शुल्कही या खेपेला घेतले जाणार नाही. आणि १५ जूनला दुपारी १ वाजेपर्यंत मसाला आपल्या हाती पडला नाही, तर त्याच रात्री सर्वांची आगाऊ रक्कम परत केली जाईल. त्यासाठी कुणालाही मला आठवण करून द्यावी लागणार नाही.

काहींना इतके दिवस थांबणे खरोखरच शक्य नाही, याची मला कल्पना आहे. एका ताईंची मुलगी ७ जूनला कॅनडाला परत निघते आहे आणि तिच्यासाठीच त्यांनी दोन किलोंची मागणी दिली होती. आणखी एक ताई घरगुती जेवणाचे डबे देतात आणि त्यांचा जुना मसाला संपत आला आहे. पहिल्या खेपेतला, उन्हात वाळवलेल्या मिरचीचा सहा किलो मसाला मी घरच्या वापरासाठी ठेवला होता. तो मी आता या कामी देते. मुलीसोबत पाठवायचे दोन किलो आणि डब्यांसाठी एक किलो मी बाजूला काढून ठेवले आहेत, उरलेल्या तीन किलोंतून प्रत्येकी अर्धा किलो याप्रमाणे आणखी सहा घरांची निकड भागू शकेल. ज्यांची अडचण मोठी आहे त्यांनी रविवार, १ जूनच्या संध्याकाळपर्यंत कळवावे. हा मसाला ३ जूनच्या रात्री निघून बुधवारी, ४ जूनला, डोंबिवलीत माझ्या धाकट्या भावाकडे पोहोचेल आणि तो त्याच दिवशी घरपोच देईल. ज्यांच्या डब्यात अजून महिनाभराचा मसाला आहे, त्यांनी कृपया या तीन किलोंवरचा हक्क इतरांसाठी सोडावा, एवढी विनंती आहे.

यापुढे मी ग्रुपवर दोनदा कळवीन: ६ जूनला मिरची वाळून झाल्यावर आणि ११ जूनला पिशव्या भरून झाल्यावर. मधल्या काळात काही बिघडले, तर ते ज्या दिवशी घडेल त्याच दिवशी कळवीन. आज संध्याकाळी ७ नंतर मी फोनवर उपलब्ध आहे. ज्यांना रागाने बोलायचे असेल त्यांनीही अवश्य फोन करावा, मी ऐकून घेईन. मसाला हवा आहे, अर्धा किलो तातडीने हवा आहे किंवा मागणी रद्द करायची आहे, यांपैकी काय ते कृपया मला स्वतंत्र संदेशातच कळवावे, म्हणजे कुणाचा निरोप ग्रुपच्या गर्दीत नजरेआड होणार नाही.

आपली,
वैशाली
(मालवणी मसालेवाल्या, कुडाळ)