अध्यक्षांचे मनोगत : २०२४-२५

सभासद बंधू-भगिनींनो,

गेल्या वर्षी याच जागी माझे चार पानी मनोगत होते. त्यात सहकाराची गंगा होती, आपल्या पतसंस्थेची घोडदौड होती. थकबाकी हा शब्द मात्र नव्हता. यंदा तिथूनच सुरुवात करतो.

३१ मार्च २०२५ रोजी कर्जाची येणे बाकी १३ कोटी २० लाख रुपये होती. त्यातले १ कोटी ५८ लाख थकले आहेत, म्हणजे शंभरातले बारा रुपये. वर्षापूर्वी हा आकडा सात होता. थकबाकीपैकी ९२ लाख फक्त अकरा कर्जदारांकडे आहेत. ही कर्जे २०२२-२३ मध्ये आम्हीच मंजूर केली. याला तो जामीन आणि त्याला हा, असे जामीनदार चालवून घेतले. कागद पूर्ण होते, पण धंदा बघायला कोणी गेले नाही. मंजुरीच्या ठरावांवर माझी सही आहे.

अकरांपैकी दोघे संचालकांच्या घरातले आहेत, एक मुलगा आणि एक सून. संचालक व त्यांच्या कुटुंबीयांच्या कर्जांचा तक्ता सभेपुढे ठेवावा, असे कायदाच सांगतो. आम्ही तो शेवटच्या पानावर, भिंग लागेल अशा अक्षरांत छापत आलो. यंदा तो पान ३ वर आहे.

वसुलीचे म्हणाल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सात जणांविरुद्ध वसुली दाखले मिळाले, चार प्रकरणे उपनिबंधक कार्यालयात आहेत. आतापर्यंत १४ लाख आले. उरलेले सगळे येतील असे मी लिहून देणार नाही. दोन ठिकाणी तारणच अपुरे आहे.

नफा ३८ लाखांवरून २१ लाखांवर आला. त्यातला चौथा हिस्सा, सव्वापाच लाख, राखीव निधीत घालावाच लागतो. उरतात पावणेसोळा. दहा टक्के लाभांशाला सोळा लागतात. म्हणून पाच टक्क्यांची शिफारस केली आहे. लेखापरीक्षणात आपला वर्ग ‘अ’ चा ‘ब’ झाला. लेखापरीक्षकांचे शेरे आणि आमची उत्तरे पान ५ वर शेजारी शेजारी छापली आहेत.

ठेवीदार काउंटरवर विचारतात, पैसे सुरक्षित आहेत ना? १८ कोटी ४० लाखांच्या ठेवींसमोर ७ कोटी ६० लाख बँकांत गुंतवलेले आहेत. मुदत संपलेली एकही ठेव आम्ही अडवलेली नाही. पण बँकेतल्या ठेवीला असते तसे ५ लाखांपर्यंतचे विमा संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवीला नसते, हेही माहीत असू द्या.

एप्रिलपासून ३ लाखांवरच्या प्रत्येक कर्जाआधी दोन संचालक जागेवर जाऊन येतात. एका माणसाला दोनपेक्षा जास्त कर्जांना जामीन राहता येत नाही. या नियमावर काही जुने सभासद रागावले आहेत. त्यांनी सभेत बोलावे.

सभा रविवार, २४ ऑगस्ट रोजी सकाळी ११ वाजता, मुख्य शाखेच्या वरच्या मजल्यावर. चहा-पोहे आहेत. यंदा स्टीलचा डबा मिळणार नाही. गेल्या वर्षी त्यावर ३ लाख गेले होते.

आपला,
अध्यक्ष