नव्या सभासदाचा परिचय

सन्माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि संघातल्या सर्व मित्र-मैत्रिणींनो, नमस्कार.

माझं नाव कार्यवाहांनी आत्ताच सांगितलं. हवामान खात्यात निरीक्षक म्हणून लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कुठे कुठे बदल्या झाल्या, कोणती पदं मिळाली, त्याची यादी सांगत बसत नाही. बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेले इथे बरेच जण असतील, त्यांना ते न सांगताच कळेल.

कामाबद्दल मात्र थोडं बोलतो, कारण त्या कामावर माझं फार प्रेम होतं. वेधशाळेत दर तीन तासांनी नोंदी घ्यायच्या, दिवस असो की मध्यरात्र. पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी उघडायची आणि आत शेजारी शेजारी लावलेले दोन तापमापक वाचायचे. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्यावर मलमलीचा ओला तुकडा गुंडाळलेला. दोन्हींत जेवढा फरक जास्त, तेवढी हवा कोरडी. पारा वाचताना डोळा अगदी त्याच्या पातळीत हवा. मान जरा वरखाली झाली की आकडा चुकला. मग बाहेर येऊन मान वर करायची आणि आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करून त्यांतले किती ढगांनी व्यापलेत ते लिहायचं. पुढे माझ्याकडे अंदाज वर्तवण्याचं आणि नव्या मुलांना शिकवण्याचं काम आलं. त्यांना पहिल्या दिवसापासून सांगायचो, जे दिसलं तेच लिहा. दिसायला हवं होतं ते लिहू नका. खुर्ची मोठी होत गेली, पण मला विचाराल तर नोकरीतला खरा आनंद त्या पेटीपाशीच होता.

रात्रपाळ्यांच्या त्या वर्षांत घर, मुलं, त्यांच्या शाळा, सगळं माझ्या पत्नीनं एकटीनं सांभाळलं. हे चारचौघांत सांगायची संधी नोकरीत कधी मिळाली नाही, म्हणून आज सांगतो. पुढच्या महिन्यापासून तीही संघात येणार आहे.

आता सध्याचं. निवृत्तीनंतर मी जलरंग शिकायला लागलो. विषय ठरलेलाच होता, ढग! ल्यूक हॉवर्ड नावाच्या एका इंग्रज औषधविक्रेत्यानं १८०२ साली ढगांचं वर्गीकरण मांडलं. त्यानं दिलेली क्युम्युलस, सिरस, स्ट्रॅटस ही नावं जगभरच्या वेधशाळांत आजही चालतात, मीही ती आयुष्यभर लिहिली. पण चित्र काढायला बसल्यावर ध्यानात आलं की ढगाचा प्रकार लिहिणं वेगळं आणि त्याचा रंग बघणं वेगळं. वादळी ढगाचा तळ मी नुसता काळा समजत होतो. कागदावर उतरवताना त्यात निळा, जांभळा, कडेला थोडा मातकट असं काय काय सापडत गेलं. ओल्या कागदावर रंग पसरायला लागला की कुठे थांबवायचा, हे अजून शिकतोच आहे, आणि या वयात काही नव्यानं शिकता येतंय याचा मला मनापासून आनंद आहे. इथे कुणी चित्रं काढत असेल तर मला जरूर भेटा. आठवड्यातून एकदा एकत्र बसू.

दुसरी आवड मोठ्यानं वाचण्याची. शेजारी एक आजोबा आहेत, त्यांना आता अक्षर दिसत नाही. रोज संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवतो. मधेच थांबवून ते आपल्या आठवणी सांगतात, आणि पुष्कळदा त्या पुस्तकापेक्षा सरस असतात.

संघाला माझा उपयोग व्हावा अशी इच्छा आहे. उन्हाळ्याआधी एकदा उष्म्यावर बोलायला आवडेल. हवा दमट असली की घाम वाळत नाही, त्यामुळे तापमानाचा आकडा फार मोठा नसतानाही शरीर थंड होत नाही. शिवाय वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते. फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं असं मला कळकळीनं वाटतं. उद्या पाऊस पडेल का, हेही खुशाल विचारा. हा प्रश्न ऐकायचा मला कंटाळा नाही.

एक विनंती आहे. मला साहेब म्हणू नका. ते संबोधन कचेरीतलं होतं, तिथे ते शोभलं. इथे माझ्याहून वडीलधारी मंडळी आहेत, त्यांनी एकेरी हाक मारली तर मला आपलेपणा वाटेल. कार्यकारिणीत पद नको. सतरंज्या घालणं, खुर्च्या मांडणं, आजारी सभासदाच्या घरी चक्कर टाकणं, यांत माझं नाव धरा. मंगळवारचा वाचनगट चालू आहे असं फलकावर वाचलं. वाचणारा कमी पडत असेल तर येत्या मंगळवारपासून मी येतो.