आपली पातळी: नोव्हेंबर चेकअप पॅकेजच्या स्लोगन्स

नमस्कार मॅडम, सगळ्या लाईन्स एकाच मेसेजमध्ये टाकतेय, डॉक्टरांना दाखवून घ्या. मीटिंगमध्ये सर म्हणाले होते की लोकांनी आजच उठून यायला हवं पण कुणी घाबरून जायला नको, मग मी ठरवलं की घाई तारखेची दाखवायची, जिवाची नाही. नोव्हेंबर ३० ला संपतो, सकाळी २५ च नंबर घेतो, रविवारी बंद, ही घाई खरी आहे आणि ती सांगायला काळीज धडधडणारा आवाज लागत नाही.

पॅकेजचं नाव 'आपली पातळी' ठेवलंय. कारण खाली कळेलच.

मेन होर्डिंग, विश्रामबाग चौक:

पावसाळ्यात पुलाची पातळी रोज बघितलीत.
स्वतःची शेवटची कधी बघितली?
आपली पातळी चेकअप, ₹२,४९९. १ ते ३० नोव्हेंबर, रविवार सोडून रोज सकाळी फक्त २५ नंबर.

यावर मी दोन दिवस घालवले. सांगलीत ऑगस्टमध्ये माणूस दात घासता घासता कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी विचारतो, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे पोरांनासुद्धा पाठ आहे. पण २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना पुराचा फोटो दाखवून चेकअप विकणं मला जमणार नाही, म्हणून होर्डिंगवर ना पूर ना गढूळ पाणी, फक्त पुलाच्या खांबावरचे फुटाचे आकडे आणि कोरं आकाश. आणि 'धोका' हा शब्द कुठेच नाही. 'इशारा' चालेल, इशारा म्हणजे सामान वर ठेवायला वेळ आहे. त्यावरूनच दुसरं होर्डिंग, मिरज रोडला:

इशारा पातळी कळली की माणूस घाबरत नाही, तयारीला लागतो.
उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ मध्ये असेल तर तो इशारा. अजून बरंच हातात आहे.

हा आकडा सरांनी ओके केलाय. १२६ पासून पुढचं मुद्दाम लिहिलं नाही, ते रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांनी समोर बसवून सांगायचं, रस्त्यावर नाही.

रिक्षाच्या मागे, चार-पाच शब्दांत वाचून व्हायला हवं:

उपाशी या, पोहे खाऊन जा.

फराळ झाला? आता रिपोर्ट!

घाई करा. घाबरू नका.

चकली कुरकुरली, गुडघा का कुरकुरतोय? ही काढून टाका, पॅकेजमध्ये गुडघ्याचं काहीच नाही, हसू येतं म्हणून लिहून गेले.

पोह्यांची लाईन मला सगळ्यात आवडते आणि ती खोटीही नाही, जेवणानंतरची शुगर बघायला काहीतरी खावंच लागतं आणि दोन तास थांबावं लागतं, तर ते दोन तास कँटीनच्या पोह्यांवर जाऊ देत. फक्त कँटीनवाल्या काकांना सांगा की पोहे वेळेवर आणि वर शेव नको.

तासगाव, कवठेमहांकाळकडच्या बाजारपेठेत भिंतीवर रंगवायला ही वेगळी ठेवलीय:

बागेचं देठ परीक्षण झालं.
बागायतदाराचं कधी?

द्राक्षवाला माणूस माती, पाणी, देठ सगळं लॅबला पाठवतो, पैसे भरतो, रिपोर्ट प्रमाणे खत बदलतो, आणि स्वतःची बीपीची गोळी मात्र बायकोनं आठवण केली तर घेतो. त्याला उपदेश केलात तर तो भिंतीवर थुंकून जाईल, पण देठ परीक्षण म्हटलं की तो थांबून वाचतो. छाटणी होऊन गेलेली असते, डिपिंगची धावपळ सुरू असते, त्यामुळे तिथल्या भिंतीवर खाली एवढंच लिहू: सकाळी ७ ला या, पोहे खा, दुपारच्या आत बागेत.

ऊसवाल्यांसाठी छोटी: तोडीची टोळी यायच्या आत स्वतःचा नंबर लावा.

आता बायकांसाठी. इथं मला जरा रागच आलेला, कारण नेहमीसारखं 'आई निरोगी तर घर निरोगी' करायचं म्हणजे तिची तब्येतही पुन्हा घरच्यांसाठीच. म्हणून:

सगळ्यांच्या फाईली कुठे ठेवल्यात ते तुम्हाला माहिती आहे.
तुमची फाईल कुठे आहे?

जिना चढताना दम लागतो?
"वय झालं" म्हणण्याआधी हिमोग्लोबिन बघू.

दुसऱ्या लाईनमध्ये 'बघू' आहे, 'बघा' नाही, कृपया डिझायनरला बदलू देऊ नका. 'बघू' म्हणजे सोबत कुणीतरी आहे.

भाऊबीजेच्या दिवसापासून बुकिंग उघडायचं ठरलंय ना, तर त्या दिवशीचं व्हॉट्सॲप स्टेटस:

ताटात पाकीट टाकलंत. आता ताईचा नंबरपण लावा.
आपली पातळी चेकअपचं बुकिंग आज सुरू. पहिले नंबर १ नोव्हेंबरचे.

आणि पुण्या-मुंबईला किंवा अमेरिकेत असलेल्या मुलांसाठी, ही फेसबुकवर त्यांच्यापर्यंतच जाऊ दे:

"आई, तब्येत कशी आहे?"
"बरी आहे रे."
या वेळी "बरी आहे"चा रिपोर्ट मागा.
तुम्ही तिथून बुक करा, आईला घरून आणायची आणि परत सोडायची सोय आम्ही करतो. रिपोर्ट तिच्या परवानगीनं दोघांनाही.

'तिच्या परवानगीनं' काढू नका प्लीज, रिपोर्ट आईचा आहे.

१४ नोव्हेंबरची पोस्ट. जागतिक मधुमेह दिन आणि बालदिन एकाच दिवशी येतात, सगळी हॉस्पिटलं निळं वर्तुळ टाकणार, आपण हे टाकू:

आजोबा, आज बालदिन आहे. नातवाचं ऐका.
एचबीएवनसीला मागच्या साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी कळते. म्हणजे गणपतीचे मोदकपण दिसतात आणि दिवाळीचे लाडूपण. रागवायला नाही बोलवत, बघायला बोलवतोय.

यात सरांनी आयसीएमआरचा २०२३ चा आकडा टाकायला सांगितलेला, देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस. आकडा बरोबर आहे पण १० कोटी वाचून कुणी चप्पल घालत नाही, उलट वाटतं एवढ्या लोकांना आहे तर मला असला तर काय. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त कामाचा, तो आतल्या पानावर घेतलाय: १३ कोटींहून जास्त लोक डायबेटिसच्या अलीकडच्या पायरीवर आहेत. पायरीवरून मागे फिरता येतं, पण आपण पायरीवर आहोत हे आधी कळायला हवं.

पेपरात घालायचं पॅम्फ्लेट, पूर्ण मजकूर:

आपली पातळी
घाई आहे, कारण महिना संपतोय. भीती नाही, कारण बघायलाच तर येताय.

₹२,४९९ मध्ये: रक्ताची पूर्ण तपासणी, शुगर उपाशीपोटी आणि खाल्ल्यावर, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, किडनी, लिव्हर, थायरॉइड, लघवी, बीपी, ईसीजी, आणि शेवटी डॉक्टरांशी निवांत बोलणं. रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत. रिपोर्ट चांगला आला तर घरी जा, काही निघालं तर पुढं काय करायचं ते त्याच डॉक्टरांकडून कळेल, लगेच दुसऱ्या टेस्टची चिठ्ठी हातात नाही.

यात सगळे आजार कळत नाहीत, कुठल्याच पॅकेजमध्ये कळत नाहीत. म्हणून याला आम्ही फुल बॉडी म्हणत नाही.

छातीत दुखतंय, एकदम घाम फुटलाय, बोलताना जीभ अडखळतेय, एक हात-पाय लुळा वाटतोय, तर पॅकेज विसरा, तारीख विसरा, थेट कॅज्युअल्टीला या, रात्री २ वाजता पण.

पावती जपून ठेवा. जुन्या करप्रणालीत अशा तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत वजावटीत धरता येतात, ते आरोग्य विम्याच्या वजावटीच्या एकूण मर्यादेतच असतात.

(कॅज्युअल्टीचा पॅरा लाल नको, ठळक काळा ठेवा. एवढी एकच जागा आहे जिथं खरी घाई आहे, तिला बाकीच्या घाईत मिसळू नका.)

आदल्या रात्री ८ ला जाणारा मेसेज:

उद्या सकाळी ७.१५ ला तुमचा नंबर. रात्री ९ च्या आत जेवून घ्या. नंतर फक्त साधं पाणी, चहा नाही, बिनसाखरेचापण नाही. शुगरची गोळी सकाळी घेऊ नका, सोबत आणा. बीपीच्या गोळीचं रिसेप्शनला फोन करून विचारा. पोहे आमच्याकडे. येताय ना? "येतो" किंवा "येते" एवढंच लिहून पाठवा.

आणि जे आलेच नाहीत त्यांना दुसऱ्या दिवशी: काल जमलं नाही, हरकत नाही. गुरुवारी सकाळी ७.४५ चा एक नंबर मोकळा आहे, ठेवू का?

शेवटचे तीन दिवस स्टेटसला रोज एक:
२८ ला: तीन सकाळी उरल्या.
२९ ला: दोन. अलार्म लावा.
३० ला: आजची शेवटची. चहा थांबवा, या.
कॅलेंडर बघून ३० रविवारी येत असेल तर सगळं एक दिवस अलीकडे घ्या, नाहीतर बंद दाराशी लोक उपाशी उभे राहतील.

जे मी मुद्दाम लिहिलं नाही ते: वाळूचं घड्याळ, सरळ झालेली ईसीजीची रेघ, हार घातलेला फोटो, 'उशीर होण्याआधी'. गाडीची सर्व्हिसिंग करता मग शरीराची का नाही, हेही नाही, ते आता टायरच्या दुकानात पण लिहिलेलं असतं. मागे एका गावात एका हॉस्पिटलचा बोर्ड होता, 'पुढचा नंबर तुमचा?' माझे वडील गाडीतून तो वाचून म्हणाले, आता तर मुळीच जात नाही, आणि खरंच पुढं दोन वर्षं गेले नाहीत. मी लिहिताना समोर तेच बसलेले असतात, पेपर पुढ्यात धरून, चष्म्यावरून बघत.

रिसेप्शनच्या स्टँडीवर एकच लाईन, मावशींनाच सुचलेली, मी विचारायला गेले तर त्या सहज बोलून गेल्या:

आलाच आहात पेशंटला घेऊन, तर दोन मिनिटं बसा, तुमचंपण बीपी बघते.

ती फुकट ठेवायची, पॅकेजमध्ये नको. त्यातूनच नंबर लागतील बघा.

रिक्षाचे स्टिकर उद्या ११ पर्यंत फायनल करा, प्रिंटवाला दिवाळीआधी शेवटची बॅच काढतोय. पोह्यांचीच घ्या.