अनोळखी धातूची विशिष्ट उष्माधारकता, मिश्रण पद्धतीने: तीन प्रयत्न आणि चुका कुठे झाल्या

मॅडमनी आमच्या बॅचला एकाच धातूचे आठ छोटे तुकडे दिले, करड्या रंगाचे, प्रत्येकाला मधे भोक, दोऱ्यात ओवलेले. धातू कोणता ते सांगितलं नाही, ते आपणच शोधायचं. आधी आम्ही घनता काढली कारण ती पटकन निघते. वजन भरलं १५२.३ ग्रॅम, मोजपात्रात पाणी २१ मिलीने वर चढलं, म्हणजे घनता साधारण ७.२५. पण मोजपात्रात अर्धा मिली इकडेतिकडे धरावाच लागतो, म्हणजे खरी घनता ७.१ ते ७.४ च्या मधे कुठेही असू शकते. इथेच पंचाईत, कारण जस्ताची घनता ७.१४ आणि कथलाची ७.२९, दोन्ही यात बसतात आणि दिसायलाही दोन्ही करडे-पांढरेच. विशिष्ट उष्माधारकतेत मात्र दोघांत मोठा फरक आहे, जस्त ०.३८८ आणि कथील ०.२२७ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति °से. त्यामुळे हा प्रयोग नुसता जर्नल भरण्यापुरता नव्हता, धातू ओळखायचा तर याच्याशिवाय चालणारच नव्हतं.

तत्त्व दहावीपासून सगळ्यांना माहीत आहे. गरम धातू गार पाण्यात टाकायचा, धातूने दिलेली उष्णता = पाण्याने घेतलेली + कॅलरीमापीने घेतलेली, बाहेर काही जात नाही असं धरून. सूत्र असं:

c = (mw·sw + mc·sc)(T − T1) / [m(T2 − T)]

इथे mw पाण्याचं वस्तुमान, mc तांब्याच्या कॅलरीमापीचं (ढवळणीसकट), m धातूचं, T1 पाण्याचं सुरुवातीचं तापमान, T2 गरम धातूचं, T मिश्रणाचं, आणि c, sw, sc म्हणजे अनुक्रमे धातूची, पाण्याची आणि तांब्याची विशिष्ट उष्माधारकता. आमचा कॅलरीमापी + ढवळणी ६२.४ ग्रॅम, पाणी तिन्ही वेळा ड्रॉपरने थेंब थेंब घालून १२०.५ ग्रॅमच केलं म्हणजे तुलना सोपी जाते. पाण्याचे ४.१८ आणि तांब्याचे ०.३८५ घेतले तर mw·sw = ५०३.७ आणि mc·sc = २४.०, बेरीज ५२७.७ ज्यूल प्रति °से. हा आकडा पुढे सगळीकडे तोच. पाण्यासाठी ०.१ अंशाच्या खुणांचा थर्मामीटर, गरम धातूसाठी साधा ११० पर्यंतचा, अर्ध्या अंशाचा. खोलीचं तापमान २७.५.

पहिला प्रयत्न. धातू दोऱ्याला बांधून सरळ उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवला, वर काढला आणि लगेच कॅलरीमापीत सोडला. इथे पुण्यात पाणी १०० ला उकळत नाही हे पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर असल्यामुळे थर्मामीटर ९८ वरच अडकला. T1 = २७.०, T2 = ९८.०, T = ३४.८.

c = ५२७.७ × ७.८ / (१५२.३ × ६३.२) = ०.४२८

उत्तर बघून आम्ही जवळजवळ लोखंड लिहून मोकळे झालो होतो, लोखंडाचं ०.४५ आहे ना. पण लोहचुंबक लावला तर तुकडे ढिम्म, आणि लोखंडाची घनता ७.८७, तीही बसत नाही. मग माझ्या पार्टनरने कॅलरीमापी धातूसकट परत तराजूवर ठेवला. वजन यायला पाहिजे ६२.४ + १२०.५ + १५२.३ = ३३५.२ ग्रॅम. आलं ३३७.१. म्हणजे १.९ ग्रॅम जास्त, आणि ते म्हणजे तुकड्यांना आणि भोकांमधे चिकटून आलेलं उकळतं पाणी.

दोन ग्रॅम पाण्याने काय होतंय असं वाटतं, पण हिशोब करून बघा. धातूचे १५२ ग्रॅम मिळून दर अंशाला ६० ज्यूलच्या आसपासच उष्णता धरतात आणि हे १.९ ग्रॅम पाणी एकटं ७.९ ज्यूल धरतं, म्हणजे १३ टक्के! पाण्याची उष्माधारकता धातूच्या दहापटीहून जास्त आहे त्याचा हा परिणाम. ती उष्णता वजा केली (१.९ × ४.१८ × ६३.२ = ५०२ ज्यूल) तर

c = (४११६ − ५०२) / ९६२५ = ०.३७५

एका वजनाने उत्तर लोखंडावरून जस्तापाशी आलं. मला या प्रयोगातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, शेवटी परत वजन करणं. बऱ्याच रिपोर्टमधे ही पायरी नसते आणि मग सगळं खापर «वातावरणात उष्णता गेली» यावर फोडलं जातं. पण इथे उत्तर जास्त आलं होतं, आणि उष्णता बाहेर गेली असती तर T कमी येऊन उत्तर कमी आलं असतं. चूक कुठल्या दिशेची आहे ते आधी बघायचं, कारण नंतर.

दुसरा प्रयत्न. आता तुकडे कोरड्या रुंद परीक्षानळीत, तोंडाला कापसाचा बोळा, नळी उकळत्या पाण्यात. मोठा थर्मामीटर तुकड्यांच्या मधोमध. वीस मिनिटांनंतरही आत ९६.५ च, बाहेरच्या पाण्यात ९८. नळीत तुकड्यांच्या मधे हवा असते आणि वरून बोळ्यातून थोडी उष्णता जातच राहते, त्यामुळे पुढची पाच मिनिटं थांबलो तरी ते वर गेलं नाही. रीडिंग स्थिर आहे म्हटल्यावर तेच घेतलं. T1 = २७.०, T = ३३.८.

c = ५२७.७ × ६.८ / (१५२.३ × ६२.७) = ०.३७६

इथे T2 च्या जागी ९८ टाकले असते तर ०.३६७ आलं असतं, आणि पुस्तकातले १०० टाकले असते तर अजून खाली. म्हणून «पाणी उकळतंय म्हणजे धातू १०० ला» असं कधीच धरू नका, धातूजवळचं तापमान मोजा.

पहिल्याची दुरुस्ती ०.३७५, हे ०.३७६, दोन वेगळ्या रस्त्यांनी जवळजवळ एकच उत्तर, तेव्हा खूप बरं वाटलं. पण दोन्ही किंचित कमी असण्याची शंका होतीच, कारण मिश्रण ३३.८ ला म्हणजे खोलीपेक्षा सहा अंश वर, आणि ढवळत कमाल तापमान गाठेपर्यंत एक मिनिट गेलं. त्यानंतर आम्ही दर मिनिटाला रीडिंग घेतलं तर पारा मिनिटाला ०.१ ने उतरत होता. म्हणजे त्या चढतानाच्या मिनिटातही थोडी उष्णता निसटली असणार.

तिसरा प्रयत्न याच्यासाठीच. रमफर्डच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती आहे, पाणी खोलीपेक्षा जेवढं गार सुरू करायचं तेवढंच शेवटी वर जाईल असं बघायचं, म्हणजे पहिल्या अर्ध्यात पाणी बाहेरून उष्णता घेतं आणि दुसऱ्या अर्ध्यात देतं. हे शंभर टक्के फिटत नाही कारण पारा सुरुवातीला झरझर चढतो आणि वरच्या टोकाला रेंगाळतो, तरी बरीच भरपाई होते. पाणी वेगळ्या बीकरमधे, बर्फाच्या भांड्यात ठेवून गार केलं (बर्फ कॅलरीमापीत टाकायचा नाही, वजन आणि सुप्त उष्णता दोन्हीचा घोळ होतो) आणि भांडं बाहेरून पुसून घेतलं. फार गार पाणी घेतलं तर बाहेरून दव जमतं आणि ते जमताना उष्णता सोडतं, म्हणून २४ च्या खाली गेलो नाही. T1 = २४.०, T2 = ९६.५, T = ३१.२.

c = ५२७.७ × ७.२ / (१५२.३ × ६५.३) = ०.३८२ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति °से

२४.० आणि ३१.२ चा मध्य २७.६, खोली २७.५.

आता राहिलेल्या चुका, किती मोठ्या त्या अंदाजासकट.

सगळ्यात मोठी चूक पाण्याच्या थर्मामीटरचीच. फरक फक्त ७.२ अंशांचा, आणि दोन्ही रीडिंग ०.१ ने चुकू शकतात, म्हणजे वाईटात वाईट ०.२ भागिले ७.२, जवळपास २.८ टक्के. धातूचं तापमान अर्ध्या अंशाने चुकलं तर ०.८ टक्के. वजनांची चूक ०.१ टक्क्याच्या आसपास, ती सोडून दिली तरी चालेल. सगळं मिळून ३.७ टक्के, म्हणून उत्तर ०.३८२ ± ०.०१४. यावरून एक कळतं की तराजू भारीतला आणून काही फायदा नाही, थर्मामीटर चांगला हवा आणि पाणी बेताचं हवं. कोणी भरपूर पाणी घ्यावं म्हणून २५० ग्रॅम घेतलं तर फरक चारच्याही खाली येतो आणि तीच ०.२ ची चूक ५ टक्क्यांवर जाते. तुकडे पूर्ण बुडतील इतकंच पाणी घ्या.

धातू नळीतून ओतताना हवेत गार होतो. एक अंश गार झाला तर उत्तर दीड टक्क्याने कमी येतं. म्हणून कॅलरीमापी नळीच्या अगदी जवळ आणून एका झटक्यात ओतायचं, पण शिंतोडे उडू न देता. एक जण झाकण सरकवायला, एक ओतायला, एकट्याने जमत नाही.

वाफेकडे मात्र आमच्या बॅचमधे कोणाचंच लक्ष नव्हतं. बर्नरवरच्या भांड्याची वाफ कॅलरीमापीत शिरून ०.१ ग्रॅम जरी पाणी झाली तरी साधारण २५० ज्यूल मिळतात, कारण वाफेची सुप्त उष्णता ग्रॅमला २२६० ज्यूलच्या आसपास आहे. आपली एकूण उष्णता ३८०० ज्यूल, म्हणजे साडेसहा टक्के वाढ! आणि ०.१ ग्रॅम आपल्या तराजूचा सगळ्यात लहान आकडा, तेव्हा शेवटचं वजन करूनही हे पकडता येत नाही. मधे पुठ्ठ्याचा पडदा उभा केला, नळी बाहेर काढल्यावर पुसली, झाकण ओतायच्या क्षणापर्यंत बंद ठेवलं.

कॅलरीमापीची स्वतःची उष्णता विसरली (आमच्या शेजारच्या टेबलवर तेच झालं) तर ०.३८२ चं ०.३६५ होतं. ढवळणी तांब्याची असेल तरच तिचं वजन त्यात धरा, काचेची असेल तर वेगळा हिशोब. आणि ढवळत राहायचं, नाहीतर खाली धातूजवळ गरम आणि वर गार, थर्मामीटर कुठे आहे त्यावर उत्तर ठरतं.

निष्कर्ष: ०.३६८ ते ०.३९६ या पट्ट्यात जस्त (०.३८८) बसतं. तांबं (०.३८५) आणि पितळ (०.३८ च्या आसपास) पण बसतात, ते रंगाने आणि घनतेने बाद. कथील ०.२२७, इतक्या लांब की आमच्या सगळ्या चुका एकाच बाजूला पडल्या तरी तिथे पोचत नाही. अजून एक पडताळा द्यूलाँग आणि पेतीच्या १८१९ च्या नियमाने, बऱ्याच घन धातूंसाठी विशिष्ट उष्माधारकता गुणिले अणुभार साधारण २५ येतो. ०.३८२ × ६५.४ = २५.०. कथील धरलं तर ०.३८२ × ११८.७ = ४५. आम्ही जर्नलमधे जस्त लिहिलं, आणि पहिल्या प्रयत्नाचं ०.४२८ न खोडता तसंच ठेवलं, शेजारी ३३७.१ ग्रॅमच्या वजनासकट.