बहु तेलातें

शके 1718 चा श्रावण. खानापूरकडचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको, आणि ज्याने नाही बघितला त्याला सांगून पटणार नाही. मलप्रभा दोन्ही काठ धरून चाललेली, नाव बंद, त्यामुळे पलीकडच्या गावातला तेली आठ दिवस इकडे फिरकलाच नव्हता.

नरहरपंत गावचे कुळकर्णी. दिवसभर मोडीत वसुलीचे कागद करायचे आणि रात्री बाळबोध लिपीत पोथी, असा त्यांचा डबल ड्युटीचा प्रकार. ज्ञानेश्वरीची एक नक्कल पलीकडच्या वाड्यातल्या देसाईणबाईंनी सांगितली होती, तीही नवमीच्या आत पाहिजे म्हणून निरोपावर निरोप. नकलेची मजुरी ग्रंथावर, म्हणजे बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ अशा मोजणीने. त्यामुळे झोप आली तरी हात चालू ठेवायचा, कारण झोपेत अक्षरं काही वाढत नाहीत.

समई नव्हती, साधा लामणदिवा खाली उतरवून पाटावर ठेवलेला, करंजेल तेलाचा. करंजेलाचा धूर डोळ्याला लागतो, वास तर विचारूच नका, पण खायचं तेल जाळायची ऐपत कुणाची होती. डाव्या हाताला मूळ पोथी, समोर कवडीने घोटलेला कागद, त्यावर दोऱ्याच्या पाटीने उठवलेल्या ओळी. बोरू शाईत बुडवायचा, दौतीच्या काठावर टेकवून जास्तीची शाई निथळवायची, मग मूळ पोथीतली आख्खी ओवी एकदा पुटपुटायची आणि तोंडात धरूनच लिहायची. शब्द शब्द बघत बसलं तर वर्ष जाईल. सगळे लिहिणारे असंच करायचे, आणि सगळी गडबड तिथेच व्हायची, कारण ओवी तोंडात असते पण कान मोकळे असतात.

दुसरा अध्याय चालू होता. पंत पुटपुटले,

जैसी दीपकळिका धाकुटी । परी बहु तेजातें प्रगटी । तैसी सद्बुद्धि हे थेकुटी । म्हणों नये ॥

‘दीपकळिका धाकुटी’ लिहून झालं, दंडाची जागा लाल शाईसाठी मोकळी सोडली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून आवाज आला.

“अहो, तेल बघा.”

“हूं.”

“हूं काय? बुधल्यात तळाला राहिलंय तेवढंच. उद्या देवाला काय लावू? केवढुशी ती वात, पण किती तेल पिते मेली!”

“एवढी ओवी होऊ दे गं.”

“ओवीवर ओवी, काल पण हेच म्हणालात. नदी उतरल्याशिवाय तेली यायचा नाही, कळतंय ना? तेल म्हणते मी, तेल!”

पंतांनी काडीने वात थोडी मागे ओढली. उजेड कमी झाला, वातीवरनं एक थेंब ओघळून पानाच्या कडेला पडला, तो त्यांनी धोतराच्या सोग्याने टिपला, आणि त्या सगळ्या घाईत पुढचा चरण लिहिला. परी बहु तेलातें प्रगटी.

ज च्या जागी ल, बस, एवढंच झालं. दिसलं असतं तर हरताळ फासून वर परत लिहिलं असतं, हरताळेची वाटी शेजारीच होती. पण दिसलं नाही. पंत पुढच्या ओवीला लागले, आणि आतून बुधला आपटल्याचा आवाज आला.

आश्विनात पोथी पुरी झाली. शेवटच्या पानावर रीतीप्रमाणे ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’ हा श्लोक घातला, म्हणजे जसं बघितलं तसं लिहिलं, शुद्ध असो अशुद्ध असो, दोष मला देऊ नका. लिहिणारे हे किती विचार करून लिहायचे देव जाणे. त्याच पानाच्या पाठीवर पंतांनी मोडीत एक ओळ खरडली, ‘तेली याची बाकी करंजेल शेर दोन’, कारण हाताशी दुसरा कागद नव्हता आणि नदी एकदाची उतरून तेली दारात उभा होता.

आता पुढची गंमत. देसाईणबाईंकडची पोथी पंतांच्या भाच्याने परत उतरवून घेतली. हा हुशार होता, आणि पोथीच्या कामात नुसत्या आळशापेक्षा हुशार माणसाची भीती जास्त. तो ‘तेलातें प्रगटी’वर अडखळला. ज्योत तेलाला प्रगट कशी करेल? मामा तर चुकायचा नाही. मग ‘प्रगटी’च चुकलेलं असणार. बराच वेळ बोरू हातात धरून बसला, कारण नाथमहाराजांची ताकीद पाठ होती, ज्ञानेश्वरीत जो पदरची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली म्हणून समजा. पण ही काय नवी ओवी नव्हे, एक शब्द सुधारायचा, असं मनाशी म्हणून त्याने लिहिलं,

परी बहु तेलातें आटी ।

यमक जुळलं, अर्थही लागला. ज्योत लहान पण तेल किती आटवते, तशी सद्बुद्धी लहान म्हणू नका, तिला खुराक भरपूर लागतो. मामीच्या तोंडचं वाक्य, तिला पत्ताही न लागता, ज्ञानेश्वरीत जाऊन बसलं. भाच्याची प्रत एका वारकऱ्याबरोबर पंढरपूरला गेली, तिथे तिच्यावरनं आणखी एक झाली.

मग दोनशे-सव्वादोनशे वर्षं कुणाला काही नाही.

आत्ता अलीकडे बेळगावात एका जुन्या घराची वाटणी झाली तेव्हा ट्रंकेत पंतांची पोथी सापडली, आणि पाठभेदवाल्यांची झोप उडाली. पुण्याच्या सरांचं म्हणणं असं की नक्कल करणारा अवघड शब्द सोपा करतो, सोपा कधी अवघड करत नाही, म्हणून ‘तेलातें प्रगटी’ हा अर्थ न लागणारा पाठच सगळ्यात जुना, बहुतेक 1584 ला नाथांनी प्रत शुद्ध केली त्याच्याही आधीचा, तो इकडे सीमेवर आडबाजूला टिकला. नियम खरा आहे, पुस्तकात आहे, पण नियमाला बायको नसते. धारवाडच्या मॅडम म्हणाल्या, नाही, ‘आटी’ मूळ. कोल्हापूरच्या एकांनी तर तेल म्हणजे प्राण आणि वात म्हणजे सुषुम्ना धरून चाळीस पानी पेपर वाचला, चहाच्या वेळेपर्यंत संपेना. ‘तेजातें’ हाच रूढ पाठ याबद्दल तसं कुणाचंच भांडण नव्हतं, भांडण होतं ते हे ‘तेल’ आलं कुठनं याचं.

पोथी स्कॅन करणाऱ्या पोराने काम मन लावून केलं. पानांच्या कडा डागाळलेल्या दिसत होत्या म्हणून सगळ्या फोटोंच्या कडा कापून टाकल्या, स्वच्छ दिसायला पाहिजे की. त्यात तो तेलाचा थेंबही गेला, बरोबर त्या ओळीच्या शेजारचा. शेवटच्या पानाची पाठ वेगळ्या फाइलीत गेली, ‘किरकोळ, मोडी, हिशेब, पोथीशी संबंध नाही’ असा शेरा मारून.

परवाच्या चर्चेत प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या, त्याच घरातल्या सून, माहेर नंदगडचं. माइक नको म्हणाल्या.

“सर, ते लिहूलाले होते तेव्हा दिवा कुणी भरत होतं?”

हॉलमध्ये हशा पिकला. सरही हसले, “आजी, छान प्रश्न आहे, पण आपण पाठाबद्दल बोलतोय,” म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे माइक दिला.