घरगुती डबा, सदाशिव पेठ, पुणे: ऑगस्ट २०२५ चे बिल

बिल तारीख: ३ सप्टेंबर २०२५
नाव: ओंकार (दुसरा मजला, मागची खोली)
डबा: दोन वेळचा, ४ पोळ्या, सुकी भाजी, आमटी, भात. रविवारी रात्री बंद.

ऑगस्टचे एकूण डबे (रविवारच्या ५ रात्री वगळून): ५७
महिन्याचा दर, तीन महिने आगाऊ भरल्यामुळे: ₹३,५००

वजा, दर डब्याला ₹६० प्रमाणे:
८ रात्र ते १० दुपार, राखीला गावी: ४ डबे, ₹२४०
२६ रात्र आणि २८ ते ३०, गणपतीला गावी: ७ डबे, ₹४२०
२७ दोन्ही वेळ, ३१ दुपार, आमच्याकडे गणपती-गौरींमुळे बंद: ३ डबे, ₹१८०
१९ दुपार: १ डबा, ₹६०
एकूण वजा: १५ डबे, ₹९००

अधिक: १५ तारखेला मित्रासाठी जादा डबा, ₹७०

ऑगस्टचे बिल: ₹२,६७०

१९ तारखेचा डबा पावसामुळे सव्वातीनला पोचला आणि आमटी पोळ्यांत सांडलेली होती. तू तक्रार केली नाहीस, पण तसा डबा परत आलेला पाहून मलाच वाईट वाटलं. त्याचे पैसे घेणार नाही. आता आमटीच्या डब्याला नवीन रबर बसवलंय.

१४ च्या रात्रीचा खाडा मात्र धरलेला नाही. तुझा मेसेज आठ वाजून दहा मिनिटांनी आला, तोवर डबा भरून पिशवीत गेला होता. रात्रीच्या डब्याचा खाडा दुपारी चारपर्यंत आणि दुपारच्या डब्याचा आदल्या रात्री नऊपर्यंत कळव. कणीक त्या अंदाजाने भिजवते. श्रावणी सोमवारी (४, ११, १८) रात्री साबुदाण्याची खिचडी दिली, तिचे वेगळे पैसे नाहीत.

आगाऊ रकमेचा हिशोब
१ जुलैला जमा (जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर): ₹१०,५००
जुलैचे बिल (२ खाडे वजा): ₹३,३८०
ऑगस्टचे बिल: ₹२,६७०
शिल्लक: ₹४,४५०
त्यातून सप्टेंबरसाठी राखून: ₹३,५००
पुढे ओढलेली शिल्लक: ₹९५०

म्हणजे आत्ता काहीही देणं नाही. १ सप्टेंबरला गौरीजेवणामुळे डबा बंद होता, ते दोन डबे सप्टेंबरच्या बिलात वजा होतील.

ऑक्टोबरपासूनचे पैसे २५ सप्टेंबरपर्यंत द्यावेत. ऑक्टोबर ते डिसेंबर एकदम भरलेस तर ₹१०,५०० मधून ₹९५० जाऊन ₹९,५५०. फक्त ऑक्टोबर भरायचा असेल तर दर ₹३,६००, म्हणजे ₹२,६५०. परीक्षेनंतर खोली सोडायचं ठरतंय असं म्हणाला होतास, तेव्हा एकाच महिन्याचे भरलेस तरी चालेल. मध्येच सोडलंस तर उरलेली आगाऊ रक्कम खाडे धरून परत मिळेल, अडकून राहणार नाही. दिवाळीत २० ते २३ ऑक्टोबर डबा बंद, ते ८ डबे ऑक्टोबरच्या बिलातून वजा.

तारखांत फरक वाटला तर तुझी वही घेऊन ये, दारामागच्या कॅलेंडरवरच्या खुणांशी ताडून बघू.

काकू

ता. क. स्टीलचा मोठा डबा आणि दोन झाकणं तुझ्याकडेच आहेत. उद्याच्या पिशवीतून पाठव.