प्रसादाआधी चार मिनिटं: रविवारच्या रक्तदान शिबिराचं निवेदन

(रोज संध्याकाळच्या आरतीनंतर माइकवरून वाचायचं. सावकाश.)

गणपती बाप्पा मोरया!

मंडळी, प्रसाद सगळ्यांना पुरणार आहे, तेव्हा चार मिनिटं जागेवरच थांबा. पोरांनो, टिपऱ्या खाली ठेवा.

येत्या रविवारी सकाळी 9 ते दुपारी 2 आपल्या मंडळाचं रक्तदान शिबिर आहे. ठिकाण लांब नाही. मंडपामागच्या बोळातली नगरपालिकेची शाळा, तळमजला, डावीकडचे दोन वर्ग. पायऱ्या चढायच्या नाहीत. गाड्या मात्र बोळात घालू नका, मैदानात लावा.

ऐन गणपतीत शिबिर कशाला, असं काल एका काकांनी विचारलं. काका, हेच दिवस डेंग्यूचे. कुणाच्या ना कुणाच्या घरी प्लेटलेट्ससाठी धावाधाव चालू असते आणि प्लेटलेट्स काढल्यापासून जेमतेम 5 दिवस टिकतात. आधीपासून भरून ठेवता येत नाहीत. शिवाय एका पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा वेगळे करता येतात, म्हणजे तुमची एक पिशवी तिघांच्या कामी येऊ शकते.

आता कोणाला देता येतं ते ऐका. वय 18 ते 65. पहिल्यांदाच देणार असाल तर 60 पर्यंत. वजन किमान 45 किलो. हिमोग्लोबिन 12.5 किंवा त्याहून जास्त; ते तिथेच बोटाला बारीक टोचून बघतात. खरं सांगू? त्या बोटाच्या टोचणीलाच पोरं जास्त कळवळतात. मागचं रक्तदान होऊन पुरुषांचे 3 महिने आणि बायकांचे 4 महिने झालेले हवेत.

बीपी आटोक्यात आहे का, ते तिथे मोजतील. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, महिन्याभरात डोस बदललेला नाही आणि साखर ताब्यात आहे, तर डॉक्टरांना विचारा, बहुतेक चालतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी देऊ नये. वर्षभरात टॅटू काढलाय, सध्या ताप आहे, अँटिबायोटिक चालू आहे, बाळ अंगावर पितंय किंवा पाळी चालू आहे, तर या वेळी राहू द्या. फॉर्मवर काही लपवू नका. डॉक्टर बाजूला घेऊन विचारतात, चारचौघांत नाही.

आणि हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून परत पाठवलं, तर तोंड पाडून घरी जायचं नाही. आपल्याकडे कितीतरी बायकांचं ते कमी असतं आणि त्यांना पत्ताच नसतो. तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा. शिबिराचा तेवढा फायदा तरी पदरात पडला.

आता पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी. भीती वाटते ना? मलाही वाटली होती. पहिल्या खेपेला मी सुईकडे बघायचं नाही म्हणून छतावरच्या पंख्याची पाती मोजत होतो. हातात एक मऊ चेंडू देतात, तो दाबत राहायचा. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, जरा मोठी मुंगी म्हणा. पिशवी 5 ते 10 मिनिटांत भरते. वजन 45 ते 55 च्या दरम्यान असेल तर 350 मिली घेतात, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षाही कमी. अंगात साधारण 5 लिटर असतं. गेलेलं पाणी दोनेक दिवसांत भरून येतं, लाल पेशींना काही आठवडे लागतात. सुई आणि पिशवी नवी कोरी, तुमच्यासमोर उघडतात आणि वापरून टाकून देतात. त्यामुळे रक्त दिल्याने कुठला आजार होईल, ही शंका सोडा.

दोघातिघांना जरा गरगरतं. त्यात लाज काही नाही. लगेच सांगा, पाय वर करून झोपवतात, पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं. म्हणूनच झाल्या झाल्या ताडकन उठायचं नाही. बिस्कीट, सरबत घेऊन पंधरा मिनिटं बसायचं. ऐनवेळी नको वाटलं, तर खुर्चीवरून उठून गेलात तरी कोणी काही बोलणार नाही. ती जबाबदारी माझी.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, उपाशी यायचं नाही. उपवास असेल त्यांनी दुसऱ्या शिबिराला या, आणि मोदकावर भागवू नका, पोहे-उपीट, पोळीभाजी असं काहीतरी पोटभर खा. दोन, शनिवारची झोप पुरी करा आणि दारूला हात लावू नका. तीन, खास ढोलपथकासाठी: रविवारी रक्त दिलं की त्या दिवशी ढोल कमरेला बांधायचा नाही. ताशेवाल्यांनाही हेच. पथकप्रमुखांशी माझं बोलणं झालंय, सबब चालणार नाही.

येताना आधार किंवा कुठलंही ओळखपत्र आणा, अर्ध्या बाहीचा शर्ट घाला. नाव आत्ताच नोंदवा, देणगीच्या टेबलाशेजारी वही ठेवली आहे. नाव न नोंदवता थेट आलात तरी घेऊ. ज्यांना एकट्याने यायला धीर होत नाही त्यांनी 9 वाजता मंडपात जमा, आपण मिळून जाऊ.

चला, आता रांग लावा. आधी लहान मुलं, मग आजी-आजोबा. मंगलमूर्ती मोरया!